होळकरांची चौदा नावं का विसरतात? स्मृतीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरला भंवरकुआँच्या आसपास एमपीपीएससीची तयारी करणारी बरीच मराठी मुलं-मुली राहतात. मी मानसशास्त्र शिकवतो म्हटल्यावर त्यांचा आणि त्यांच्या घरच्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: एवढं वाचूनही आठवत का नाही? त्यांच्याकडून वारंवार येणाऱ्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. उदाहरण सगळीकडे एकच घेतलं आहे, ते म्हणजे होळकर घराण्यातल्या राज्यकर्त्यांची यादी. ती अभ्यासात असते, आणि स्मृतीचे जवळपास सगळे गुणदोष तिच्यात उघडे पडतात.

ही यादी नेमकी कोणती?

क्रमाने सांगायचं तर: मल्हारराव, मालेराव, अहिल्याबाई, तुकोजीराव पहिले, काशीराव, यशवंतराव पहिले, त्यांचा मुलगा मल्हारराव, मार्तंडराव, हरिराव, खंडेराव, तुकोजीराव दुसरे, शिवाजीराव, तुकोजीराव तिसरे आणि यशवंतराव दुसरे. चौदा नावं. त्यातली तेरा 'राव'ने संपतात. तुकोजीराव तीन आहेत, यशवंतराव दोन, मल्हारराव दोन. पुढच्या उत्तरांत या गोष्टी पुन्हा पुन्हा लागतील.

संकेतन, साठवण आणि पुनर्प्राप्ती म्हणजे काय?

वाचलेली किंवा ऐकलेली गोष्ट मनात टिकेल अशा रूपात नोंदली जाणं म्हणजे संकेतन. ती नोंद पुढे काही तास, महिने किंवा वर्षं राहणं म्हणजे साठवण. आणि हवी तेव्हा ती वर आणता येणं म्हणजे पुनर्प्राप्ती. 'मी विसरलो' असं आपण म्हणतो तेव्हा या तिन्हीपैकी कुठेही बिघाड झालेला असू शकतो, पण आतून तिन्ही वेळा सारखंच वाटतं: नाव येत नाही, एवढंच. उपाय मात्र तिन्हींचे वेगळे आहेत. म्हणूनच बिघाड कुठल्या टप्प्यावर झाला हे शोधणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ते कसं शोधायचं, हे पुढे एका खऱ्या उत्तरपत्रिकेवरून दाखवलं आहे.

एकदा नीट वाचली तर चौदा नावं लक्षात का राहत नाहीत?

ॲटकिन्सन आणि शिफ्रिन यांनी १९६८ साली मांडलेल्या प्रारूपात स्मृतीचे तीन साठे आहेत. इंद्रियांवर क्षणभर उमटणारा ठसा हा पहिला, थोडा वेळ थोडंच धरून ठेवणारा अल्पकालीन साठा हा दुसरा, आणि दीर्घकालीन साठा हा तिसरा. मधल्या साठ्यात गोष्ट जितकी घोळवली जाईल तितकी ती पुढे सरकण्याची शक्यता जास्त, असं त्यांचं म्हणणं होतं.

हा मधला साठा फार लहान आहे. १९५६ साली जॉर्ज मिलर यांनी त्याची मर्यादा सातच्या आसपास सांगितली. पुढे २००१ साली नेल्सन कोवन यांनी दाखवलं की मनातल्या मनात घोकणं आणि गट पाडणं थांबवलं, तर ती चारच्या जवळ येते. म्हणजे चौदा नावं एका दमात तिथे मावणारच नाहीत. यात तुमची स्मरणशक्ती कमी असण्याचा काही संबंध नाही.

'राव'मुळे गोंधळ होतो, हे खरं की मनाचे खेळ?

खरं आहे. बॅडली आणि हिच यांनी १९७४ साली अल्पकालीन साठ्याच्या जागी 'कार्यकारी स्मृती' मांडली. तिच्या एका भागात आपण शब्द आवाजाच्या रूपात धरतो, मनातल्या मनात म्हणत राहतो. साधारण दोन सेकंदांत जेवढं म्हणून होतं, तेवढंच तिथे नीट टिकतं. 'यशवंतराव, तुकोजीराव, मार्तंडराव' म्हणायला लागणारा वेळ 'मका, तूप, मीठ'पेक्षा बराच जास्त आहे, म्हणून लांब नावं कमी मावतात.

दुसरी अडचण आवाजाच्या सारखेपणाची. कॉनरॅड यांनी १९६४ साली लोकांना अक्षरं डोळ्यांनी दाखवली. तरीही लिहून काढताना लोकांच्या चुका उच्चार जुळणाऱ्या अक्षरांत झाल्या, म्हणजे अक्षरं पाहिली तरी मनात ती आवाजानेच धरली होती. आपल्या यादीत तेरा नावांचा शेवट एकच आहे. पाठ करताना 'राव' गाळून 'माले, काशी, हरी, खंडे' असं म्हटलं, तर वेळही वाचतो आणि वेगळेपणही वाढतं.

मग तीन साठ्यांचं प्रारूप चुकीचं ठरलं का?

अपुरं ठरलं, असं म्हणणं जास्त बरोबर. १९७० साली शॅलिस आणि वॉरिंग्टन यांनी के. एफ. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या रुग्णाची माहिती प्रसिद्ध केली. ऐकलेले दोन आकडे परत सांगणंही त्याला जड जाई, तरी नव्या गोष्टी दीर्घकाळासाठी शिकणं त्याला जमत होतं. सगळं मधल्या साठ्यातूनच पुढे जात असतं, तर हे शक्य नव्हतं. साठे वेगळे आहेत हे टिकलं, त्यांची सरळ रांग मात्र टिकली नाही.

घोकंपट्टीने काहीच होत नाही का?

नुसत्या आवाजाची घोकंपट्टी कमी उपयोगाची आहे. क्रेक आणि लॉकहार्ट यांनी १९७२ साली म्हटलं की शब्दावर मन किती खोल काम करतं, त्यावर तो किती टिकेल हे ठरतं. अक्षर कसं दिसतं हे पाहणं उथळ, उच्चार ऐकणं त्याहून थोडं खोल, आणि अर्थाशी जोडणं सगळ्यात खोल. १९७५ साली क्रेक आणि टल्विंग यांच्या प्रयोगांत अर्थाचा प्रश्न विचारलेले शब्द नंतर जास्त लक्षात राहिले, आणि तेही पुढे चाचणी होणार हे लोकांना ठाऊक नसताना.

या मांडणीवर एक रास्त आक्षेप आहे. 'खोली' मोजायची कशी? जे टिकलं ते खोल, आणि खोल म्हणून टिकलं, असं म्हटलं तर आपण एकाच जागी फिरत राहतो. त्यात १९७७ साली मॉरिस, ब्रान्सफर्ड आणि फ्रँक्स यांनी दाखवलं की चाचणीच यमकावर असेल, तर यमकाकडे लक्ष देऊन शिकलेलं वरचढ ठरतं. त्यामुळे शिकताना मनाने जे काम केलं, तेच काम चाचणीत मागितलं जाणार आहे का, हे पाहावं लागतं. पूर्वपरीक्षेत चार पर्यायांतून नाव ओळखायचं असतं, मुख्य परीक्षेत ते स्वतः लिहायचं असतं. दोन्हींची तयारी एकसारखी नाही.

यादीपुरतं सांगायचं तर काशीराव हे तुकोजीराव पहिल्यांचे चिरंजीव आणि यशवंतरावांचे सावत्र भाऊ, त्यांच्यात गादीवरून संघर्ष झाला, हे समजून घेतलं की 'काशीराव' सुटं नाव राहत नाही.

पहिली आणि शेवटची नावं आठवतात, मधली गळतात. असं का?

सुरुवातीच्या शब्दांना घोळवायला जास्त वेळ मिळतो, आणि शेवटचे शब्द लिहायला बसेपर्यंत मनात ताजे असतात. १९६६ साली ग्लँझर आणि क्युनिट्झ यांनी यादी संपल्यावर लोकांना ३० सेकंद आकडे मोजायला लावले. शेवटच्या शब्दांचा फायदा नाहीसा झाला, सुरुवातीच्या शब्दांचा मात्र राहिला.

इथे एक शंका यायला हवी. महिन्यापूर्वी वाचलेल्या यादीतलं शेवटचं नाव ताजं कसं असेल? नसतंच. तिथे कारण वेगळं आहे. रोडिगर आणि क्राउडर यांनी १९७६ साली अमेरिकी विद्यार्थ्यांना राष्ट्राध्यक्षांची नावं लिहायला सांगितली, तेव्हाही सुरुवातीची आणि अलीकडची नावं जास्त आली, आणि मधल्या घसरणीत लिंकन यांचं नाव उंच उठून दिसलं. आपल्याकडे यशवंतराव दुसरे यांचं नाव इंदूरकरांच्या तोंडी रोज असतं, कारण एमवाय हॉस्पिटल त्यांच्याच नावाचं आहे. इंग्रजांशी लढलेले यशवंतराव पहिले यादीच्या मधोमध असूनही सुटत नाहीत. त्यांच्यानंतरचे तीन-चार जण गळतात.

बिघाड कुठल्या टप्प्यावर झाला, हे कसं ओळखायचं?

हे सविस्तर सांगतो. एका विद्यार्थिनीने आठवड्यापूर्वी वाचलेली ही यादी माझ्यासमोर कोऱ्या कागदावर लिहिली. नऊ नावं आली. काशीराव, दुसरे मल्हारराव, मार्तंडराव, हरिराव आणि खंडेराव ही पाच गळली. तिच्या मते पाचही 'पुसली गेली' होती. मग आम्ही पायरीपायरीने खाली उतरलो.

पहिली पायरी खुणांची. नाव न सांगता मी फक्त धागा दिला. 'यशवंतरावांचे सावत्र भाऊ' म्हटल्याबरोबर काशीराव आले. 'महिदपूरची लढाई, १८१७, गादीवर अल्पवयीन मुलगा' म्हटल्यावर थोडं थांबून मल्हारराव आले. ही दोन नावं साठ्यात शाबूत होती, वर येत नव्हती एवढंच. टल्विंग आणि पर्लस्टोन यांनी १९६६ साली हेच दाखवलं होतं: गटांची नावं खूण म्हणून दिली की लोकांना आधी न आलेले कितीतरी शब्द येतात. साठ्यात असणं वेगळं आणि हाताशी असणं वेगळं.

दुसरी पायरी ओळखण्याची. उरलेल्या तीन नावांत मी तीन परकी नावं मिसळली: विठोजीराव, दौलतराव आणि जयाजीराव. सहांतून गादीवर बसलेले होळकर निवडायचे होते. तिने हरिराव लगेच ओळखले. 'महेश्वरच्या किल्ल्यातल्या कैदेतून सुटून गादीवर आले' ही खूण आधी दिली होती तेव्हा ते आले नव्हते, कारण वाचताना हरिराव आणि महेश्वर अशी जोड तिच्या मनात झालीच नव्हती. खूण शिकतानाच त्या गोष्टीबरोबर नोंदली गेली असेल तरच कामाला येते. टल्विंग आणि थॉमसन यांचं १९७३ सालचं तत्त्व हेच सांगतं.

खंडेराव तिने खोडले. 'ते अहिल्याबाईंचे पती, कुंभेरीला १७५४ साली गेले, गादीवर आलेच नाहीत,' असं ती ठामपणे म्हणाली. तिचं म्हणणं अगदी बरोबर होतं, फक्त ते दुसऱ्या खंडेरावांबद्दल होतं. जुन्या पक्क्या माहितीने नव्या नावाची वाट अडवली होती.

विठोजीराव मात्र तिने निवडले. १८०१ साली पुण्यात हत्तीच्या पायी दिलेले ते हेच, यशवंतरावांचे भाऊ. ते राज्यकर्ते नव्हते, पण नाव ओळखीचं होतं, आणि कुठे वाचलं ते आठवत नव्हतं. परीक्षेतल्या चुकीच्या पर्यायांना मुलं अशीच फसतात. नाव ओळखीचं वाटणं आणि ते नेमकं कुठे वाचलं हे आठवणं, ही दोन वेगळी कामं आहेत.

राहिले मार्तंडराव. हे नाव तिने कधी वाचलंच नसावं, असं तिला वाटलं. त्यांची कारकीर्द १८३३-३४ मधली, काही महिन्यांची. तिच्या वहीत त्या ओळीवर खूण नव्हती, टीप नव्हती. नजर वरून गेली होती. हे विस्मरण म्हणताच येणार नाही, कारण संकेतनच झालं नव्हतं. तिथे खुणा शोधत बसणं व्यर्थ, पहिल्यापासून शिकावं लागेल.

पण काही गोष्टी खरोखर पुसल्या जातच असतील ना?

बहुधा जातात, पण हे सिद्ध करणं फार अवघड आहे. एखादी गोष्ट आज कुठल्याही खुणेने आली नाही, तर ती नाही असं म्हणायचं की योग्य खूण सापडली नाही असं म्हणायचं?

हेर्मान एबिंगहाउस यांनी यावर एक सुंदर तोड काढली, तिचा निष्कर्ष १८८५ साली प्रसिद्ध झाला. निरर्थक अक्षरगट ते स्वतः पाठ करत, काही काळाने तेच पुन्हा पाठ करत, आणि दुसऱ्यांदा किती वेळ वाचला हे मोजत. समजा, यादी पहिल्यांदा बसायला दहा मिनिटं लागली आणि महिन्याने आठ, तर बचत वीस टक्के. एकही शब्द आठवत नसला तरी दोन मिनिटं वाचली, म्हणजे काहीतरी उरलेलं होतं. त्यांची बचत २० मिनिटांनी सुमारे ५८ टक्के, एका दिवसाने ३४ टक्क्यांच्या जवळ, आणि ३१ दिवसांनी २१ टक्के निघाली.

हे आकडे कोचिंगच्या फलकांवर 'एका दिवसात ६६ टक्के विसरतो' असे लिहिलेले दिसतात. ते चूक आहे. हा हिशेब वेळेच्या बचतीचा आहे, आठवलेल्या शब्दांचा नाही, आणि अर्थहीन अक्षरगटांचा आहे. होळकरांच्या इतिहासाला तो जसाच्या तसा लावता येत नाही. वक्राचा आकार मात्र विश्वासार्ह आहे: घसरण सुरुवातीला वेगाने होते आणि मग मंदावते.

तिन्ही तुकोजीराव एकमेकांत का मिसळतात?

कारण एकाच नावाच्या खुणेला तीन वेगवेगळी उत्तरं चिकटलेली आहेत. त्याच विद्यार्थिनीने १९२६ साली गादी सोडल्याची घटना तुकोजीराव दुसरे यांच्या नावावर लिहिली होती. ती तिसऱ्यांची. दुसऱ्यांची कारकीर्द १८४४ ते १८८६ अशी होती.

यालाच व्यत्यय म्हणतात. आधी शिकलेलं नव्याला अडवतं, किंवा नंतर शिकलेलं जुन्याला झाकतं. आधीच्या शिक्षणाचा हा भार किती मोठा असतो हे अंडरवूड यांनी १९५७ साली दाखवलं. वेगवेगळ्या प्रयोगांचे निकाल शेजारी ठेवल्यावर दिसलं की प्रयोगशाळेत आधी काहीच पाठ न केलेल्यांना दुसऱ्या दिवशी यादीचा साधारण तीन-चतुर्थांश भाग येत होता, आणि पुष्कळ याद्या पाठ केलेल्यांना पाव हिस्साच. मधला काळ दोघांना सारखाच गेला होता. नुसत्या काळाने विस्मरण होतं, या समजुतीला हा मोठा धक्का होता.

यावर माझा आग्रह असा की तिन्ही तुकोजीराव एकाच दिवशी पाठ करू नयेत, आणि प्रत्येकाला नावाखेरीज वेगळी खूण द्यावी: पहिले अहिल्याबाईंचे सेनापती, दुसरे १८५७च्या वेळचे, तिसरे १९२६ साली पायउतार झालेले.

खोलीवर सगळं येतं, परीक्षेच्या हॉलमध्ये जातं. जागेचा परिणाम होतो का?

थोडा होऊ शकतो. गॉडन आणि बॅडली यांनी १९७५ साली पाणबुड्यांना पाण्याखाली आणि काठावर शब्द शिकवले, आणि जिथे शिकले तिथेच शब्द जास्त आठवले. हा प्रयोग सगळीकडे सांगितला जातो. पण २०२१ साली तो पुन्हा करून पाहिला तेव्हा तसा परिणाम मिळाला नाही, आणि १९८० साली त्याच दोघांना ओळखण्याच्या चाचणीत तो दिसला नव्हता. पूर्वपरीक्षा ओळखण्याचीच असते, तेव्हा बेंचची किंवा हॉलची फार चिंता करू नका. 'खोलीवर येतं' याचं जास्त संभाव्य कारण म्हणजे तिथे वही उघडी असते.

पुन्हा वाचू की आठवून लिहू?

आठवून लिहा. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ सालच्या प्रयोगात एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने चित्र उलटलं: आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आलं, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२. त्या पहिल्या पाच मिनिटांतच फसगत होते. वाचून उठल्यावर सगळं येतंय असं वाटतं, आणि विद्यार्थी वही मिटतो.

आजींना लहानपणचं सगळं आठवतं, सकाळी काय खाल्लं ते नाही. हे कसं?

जुन्या नोंदी असणं आणि नव्या नोंदी होणं, या दोन गोष्टी मेंदूत बऱ्याच वेगळ्या आहेत. हेन्री मोलेसन यांच्यावर १९५३ साली अपस्मारासाठी शस्त्रक्रिया झाली, मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढला गेला. बालपण त्यांना आठवत होतं, ऐकलेले आकडे लगेच परत सांगता येत होते, पण नवी घटना टिकत नव्हती. आजींच्या बाबतीत मात्र घरी बसून निदान करू नका. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं किंवा ओळखीच्या रस्त्यावर चुकणं सुरू झालं असेल, तर न्यूरॉलॉजिस्टकडे न्या.

यादी पक्की बसली, हे कधी समजायचं?

किमान एक रात्र मध्ये जाऊ द्या. मग कोऱ्या कागदावर हरिरावांपासून सुरुवात करा, आधी मागे यशवंतराव पहिल्यांपर्यंत जा आणि मग पुढे शेवटापर्यंत. मल्हाररावांपासून ओघात म्हटलेली यादी फसवी असते, कारण तिथे प्रत्येक नाव पुढच्याची खूण बनतं आणि परीक्षेत ती खूण मिळत नाही. जिथे अडाल तिथे आधी स्वतःला धागा द्या, मग पर्यायांतून ओळखून पाहा, आणि तरीही नाव अनोळखी वाटलं तर ती ओळ पुन्हा वाचा.